घरी ३३ पैकी ३३, टेबलाजवळ मात्र गप्प

*मॅडम, मी एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला आहे. गाव यवतमाळ जिल्ह्यात, दहावीपर्यंत मराठी माध्यम. अ‍ॅनाटॉमीच्या लेक्चरच्या पीपीटी आम्हाला ग्रुपवर मिळतात. त्यातल्या आकृत्यांचे प्रिंट काढून मी नावांवर व्हाइटनर लावते, तिथे आकडे घालते, झेरॉक्स काढते आणि पाहून झालं की रिकाम्या जागा भरते. अशा ४१ शीट झाल्या आहेत, सगळ्यांना रंगसुद्धा दिलेत. मानेतून हातात जाणाऱ्या नर्व्हच्या जाळ्याच्या, म्हणजे ब्रेकियल प्लेक्ससच्या शीटमध्ये मला ३३ पैकी ३३ येतात. पण व्हायवात सरांनी डिसेक्शन केलेल्या हातातली एक नर्व्ह चिमट्यानं उचलून विचारली आणि मला एक शब्द आला नाही. रूममेट म्हणते, शीट बनवण्यात जातो तेवढ्या वेळात पुस्तक दोनदा वाचून होतं. भाऊ म्हणतो, मोबाइलवर अ‍ॅप घे. दिवाळीला दहा दिवस घरी आहे, दिवसा कापूस वेचायला जावं लागतं. उरलेल्या शीट पूर्ण करू की हा नाद सोडून देऊ?*

*— एक विद्यार्थिनी, यवतमाळ जिल्हा*

पोरी, आधी एक काम कर. तुझी ती ३३ मार्कांची शीट घे, खिडकीच्या काचेवर उलटी धर म्हणजे मागून आकृती दिसेल, आणि आकड्यांकडे न बघता एकेका नर्व्हवर बोट ठेवून नाव घे. पंधरा-सोळाच्या पुढे गेलीस तर मला आश्चर्य वाटेल. असं झालं तर तुझी बुद्धी कमी आहे असं समजू नकोस. तुझ्या शीटनं तुला नर्व्ह कधी विचारलीच नव्हती. ‘उजवीकडे खालून दुसऱ्या रेघेवर कोणता शब्द होता?’ एवढंच ती विचारत होती, आणि ते तुला चोख आलं.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. माझ्या पहिल्या वर्षाच्या व्हायवात टेबलावर एक हात ठेवला होता. माझ्या वहीतल्या आकृतीत मान डावीकडे आणि पंजा उजवीकडे असायचा. टेबलावर नेमकं उलटं होतं. मी वहीतल्या क्रमानं मोजत गेले, मस्क्युलोक्युटेनियस, मीडियन, अल्नार, आणि अल्नारवर बोट ठेवून ठामपणे मस्क्युलोक्युटेनियस म्हणाले. सरांनी एकच प्रश्न विचारला, ‘मग ही कोणत्या स्नायूला भेदून जाते ते दाखव.’ मस्क्युलोक्युटेनियस कोराकोब्रॅकियालिसला भोसकून जाते हे मला पाठ होतं. पण माझ्या बोटाखालची नर्व्ह कुठल्याच स्नायूत शिरत नव्हती, सरळ कोपराच्या आतल्या बाजूला चालली होती. तिथे उभा असलेला अटेंडंट नंतर बाहेर म्हणाला, ‘काहून घाबरून राहिली वो ताई, हात उलटा ठेवला होता ना.’ हात उलटा नव्हता. माझ्या वहीतली आकृती एकाच बाजूची होती.

आता तुझी शीट. तू ३३ जागा कोरल्यास म्हणजे बहुधा पाच रूट, तीन ट्रंक, सहा डिव्हिजन, तीन कॉर्ड, पाच शेवटच्या मोठ्या नर्व्ह आणि मधून निघणाऱ्या अकरा बारीक फांद्या. बेरीज करून बघ, ३३ येते. यातले पहिले सतरा म्हणजे सांगाडा. त्यांना नावं अशी नाहीतच. सी५ च्या खाली सी६ येणार हे लिहायला अ‍ॅनाटॉमी यावी लागत नाही. अप्पर, मिडल, लोअर हे तीन शब्द वरून खाली लिहिले की झालं. सहा डिव्हिजनमध्ये अँटीरियर आणि पोस्टीरियर हे दोनच शब्द आलटून पालटून येतात. म्हणजे निम्म्याहून जास्त मार्क तुला नियमावर मिळत होते, आठवणीवर नाही. आणि चिमट्यानं उचलून जे विचारलं जातं ते जवळजवळ नेहमी उरलेल्या सोळांमधलं असतं.

म्हणून माझा पहिला सल्ला असा की एका आकृतीची एक शीट करू नकोस. सांगाडा वेगळा काढ, फांद्या वेगळ्या काढ.

सांगाड्यासाठी रिकाम्या जागांची शीट लागतच नाही. कोरा कागद घ्यायचा आणि काढायचं. पाच रेघा: सी५, सी६, सी७, सी८, टी१. वरच्या दोन मिळून अप्पर ट्रंक, मधली एकटीच मिडल, खालच्या दोन मिळून लोअर. प्रत्येक ट्रंक पुढे आणि मागे फुटते. मागच्या तिन्ही एकत्र येऊन पोस्टीरियर कॉर्ड होते. पुढच्यांपैकी वरच्या दोन मिळून लॅटरल कॉर्ड, आणि सगळ्यात खालची एकटीच मीडियल कॉर्ड म्हणून पुढे जाते. लॅटरल आणि मीडियल या दोघींनी एकेक मूळ दिलं की मीडियन नर्व्ह तयार होते, आणि मस्क्युलोक्युटेनियस, मीडियन, अल्नार मिळून इंग्रजी एम अक्षरासारखा आकार दिसतो. पोस्टीरियरच्या टोकाला अ‍ॅक्सिलरी आणि रेडियल. हे रोज एकदा, तीन मिनिटांत, न बघता. रेघ अडली की कुठे अडली ते तुला त्याच क्षणी कळतं. व्हाइटनरच्या चौकटीत ते कधीच कळत नाही, कारण तिथे रेघ आधीच काढून दिलेली असते.

फांद्यांची शीट आता नीट बनवू. इथे व्हाइटनर बाजूला ठेव. स्टेशनरीच्या दुकानात बटर पेपर मिळतो, काही जण त्याला ट्रेसिंग पेपर म्हणतात. प्रिंटवर तो ठेवून पेन्सिलनं फक्त रेषा उतरव, मग काळ्या पेननं पक्क्या कर. नावं उतरवायचीच नाहीत, त्यामुळे झाकायचंही काही उरत नाही. या एका बटर पेपरवरून हव्या तेवढ्या झेरॉक्स निघतात. पीपीटीतून थेट प्रिंट काढलास तर निळी-राखाडी पार्श्वभूमी झेरॉक्सला काळीकुट्ट होते आणि बारीक नर्व्ह त्यात बुडून जातात. बटर पेपरनं ती कटकटही संपते. आणि तो पालथा घालून झेरॉक्स केला की दुसऱ्या बाजूच्या हाताची आकृती फुकटात मिळते. मला व्हायवात जे जमलं नाही त्यावरचा उपाय दहा रुपयांच्या कागदात होता हे मला शिकवायला लागल्यावर उमगलं. मात्र हे पालथं घालणं हातापायांपुरतंच ठेव. हृदय, यकृत, जठर यांची आकृती पालथी घालशील तर चुकीचं शरीर पाठ होईल.

उतरवताना काही गोष्टी पाळ. नर्व्हवर आधी एक ठळक टिंब दे आणि तिथूनच रेघ बाहेर काढ. टिंब नसलं की झेरॉक्सच्या तिसऱ्या पिढीत रेघ कोणत्या नर्व्हला टेकली आहे ते दिसेनासं होतं, आणि मग तुझी चूक की कागदाची हा वाद सुटत नाही. उत्तराच्या सगळ्या रेघा एकाच लांबीच्या ठेव. ‘मीडियल क्युटेनियस नर्व्ह ऑफ फोरआर्म’साठी लांब जागा सोडलीस तर ती लांबीच उत्तर सांगते. आकडे वरून खाली क्रमानं घालू नकोस, विस्कटून घाल, आणि दुसऱ्या झेरॉक्सवर पुन्हा वेगळे घाल. आणि रंग नकोत. मला माहीत आहे, रंगांवर तुझ्या संध्याकाळी गेल्या असतील. पण पोस्टीरियर कॉर्डच्या सगळ्या फांद्या हिरव्या केल्यास की ‘ही कोणत्या कॉर्डची?’ हा प्रश्नच संपतो, कागदच उत्तर देतो. डिसेक्शनच्या टेबलावर सगळ्या नर्व्ह एकाच मळकट पांढऱ्या रंगाच्या असतात. रंग उत्तरपत्रिकेच्या प्रतीवर दे, तपासताना उपयोगी पडतील.

एका वेळी सोळाच्या सोळा विचारू नकोस. आठ घे. बाकीच्या आठ रेषा आकृतीत राहू देत, फक्त त्यांना टिंब नको. सोळाही विचारल्या तर शेवटची चार-पाच उत्तरं ‘उरलं ते इथे’ या न्यायानं बसतात.

एवढं झालं की प्रश्नच उलटा करायचा, आणि इथे खरी परीक्षा आहे. तिसऱ्या शीटवर फक्त सांगाडा ठेव, एकही फांदी नको. बाजूला नावं लिही: डॉर्सल स्कॅप्युलर, लाँग थोरॅसिक, सुप्रास्कॅप्युलर, नर्व्ह टू सबक्लेवियस, लॅटरल पेक्टोरल वगैरे. आता प्रत्येकीची फांदी तू योग्य जागेवरून काढायची. ज्या मुली पहिल्या प्रकारच्या शीटमध्ये सोळापैकी पंधरा आणतात त्यांना इथे आठ-नऊ येताना मी पुष्कळ वेळा पाहिलं आहे. लाँग थोरॅसिक हमखास चुकते. नावात ‘थोरॅसिक’ आहे म्हणून ती खालच्या बाजूनं, टी१ जवळून काढतात. ती निघते सी५, सी६, सी७ या रूटमधून, म्हणजे ट्रंक व्हायच्याही आधी, आणि छातीच्या बाजूनं सरळ खाली सेरेटस अँटीरियरवर उतरते. तिच्या शेजारची वाटणारी थोरॅकोडॉर्सल मात्र पोस्टीरियर कॉर्डची फांदी, लॅटिसिमस डॉर्सायला जाणारी. नावांत निम्मा शब्द सारखा, उगम पार वेगळे.

दुसरी जोडी पेक्टोरलची. मीडियल पेक्टोरल आणि लॅटरल पेक्टोरल ही नावं छातीवरच्या जागेवरून पडलेली नाहीत. ज्या कॉर्डमधून त्या निघतात तिचं नाव त्यांना मिळालं आहे. प्रत्यक्ष छातीवर मीडियल पेक्टोरल ही लॅटरलपेक्षा बाहेरच्या बाजूला सापडते, पेक्टोरालिस मायनरमधून वर येताना. आकृतीत वरची आणि खालची अशी जागा पाठ केलेली मुलगी टेबलावर ‘आतली ती मीडियल’ म्हणते आणि फसते. अशा जोड्यांसाठी अख्खी शीट लागत नाही. चार बोटं रुंद पट्टी काढ, त्यावर फक्त या दोघी आणि मध्ये पेक्टोरालिस मायनरची चौकट. कॉर्डची नावंही कशावरून पडली ते त्याच पट्टीच्या मागे लिही: अ‍ॅक्सिलरी आर्टरीचा दुसरा भाग, जो पेक्टोरालिस मायनरच्या मागे असतो, त्याच्या बाहेरच्या बाजूला लॅटरल, आतल्या बाजूला मीडियल, मागे पोस्टीरियर. टेबलावर आर्टरी हाताला लागली की कॉर्ड ओळखायला मोजत बसावं लागत नाही. बहुतेक आकृत्यांत आर्टरी सुटसुटीतपणासाठी काढलेलीच नसते. तुझ्या बटर पेपरवर ती दोन समांतर रेघांनी स्वतः काढ. नाव न लिहिलेली आर्टरी ही या सगळ्या शीटमधली सगळ्यात कामाची रेघ आहे.

तपासायचं कसं, यात तुझी एक सवय मला खटकते. तू लिहितेस, ‘पाहून झालं की भरते’. मूळ आकृती मिटवून पाच मिनिटांत शीट भरली तर ती डोळ्यांतूनच कागदावर उतरते. रूममेटच्या म्हणण्याचं उत्तरही यातच आहे. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिक या दोघांनी विद्यार्थ्यांना गद्य उतारे देऊन हेच तपासलं होतं. एका गटानं उतारा चार वेळा वाचला. दुसऱ्यानं एकदा वाचून तीन वेळा न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते, सुमारे ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्यानंतर विचारलं तेव्हा वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवलं आणि आठवून लिहिणाऱ्यांना ६१. ते उतारे होते, आकृत्या नव्हत्या, म्हणून हे आकडे जसेच्या तसे तुझ्या शीटला चिकटवू नकोस. पण रूममेटला दोनदा वाचून ‘झालं’ का वाटतं आणि तुला पाहिल्याबरोबर भरून ३३ का येतात, याचं कारण त्या पाच मिनिटांत आहे.

म्हणून आकृती सकाळी बघ, कापसात जा, आणि शीट संध्याकाळी भर. मध्ये सात-आठ तास गेले पाहिजेत. मग तीच शीट नव्या आकड्यांनी तिसऱ्या दिवशी, मग आठवड्यानं, मग सुट्टी संपून कॉलेजला गेल्यावर. निळ्या पेननं लिही, आठही होईपर्यंत उत्तर बघू नकोस, आणि न येणारी जागा रिकामी सोडण्याऐवजी काहीतरी लिहून टाक. चूक लिहिली तरच कळतं की कोणती कोणाशी गोंधळली. तपासणी लाल पेननं, चुकलेलं खोडू नकोस, शेजारी बरोबर लिही.

चुका एका जातीच्या नसतात. आठवलंच नाही ही एक जात, तिला पुन्हा विचारणं हाच इलाज. अदलाबदल झाली ही दुसरी, तिला वरची जोडीची पट्टी लागते. नुसतं पुन्हा पुन्हा विचारलं तर ती अदलाबदलच पक्की होते. स्पेलिंग चुकलं ही तिसरी. तुझ्यासारख्या मराठी माध्यमातून आलेल्या मुली हिला इतक्या घाबरतात की नर्व्ह येत असूनही गप्प बसतात. स्पेलिंगचे मार्क वेगळे मोज. शीटवर नर्व्ह ओळखली का याचा एक आकडा, स्पेलिंग बरोबर का याचा दुसरा. पेपर इंग्रजीत लिहायचा असल्यामुळे उत्तर इंग्रजीतच लिही, पण शब्द फोडून. मस्क्युलो म्हणजे स्नायूचं, क्युटेनियस म्हणजे त्वचेचं. ही नर्व्ह दंडाच्या पुढच्या स्नायूंना जाते आणि पुढे अग्रबाहूच्या बाहेरच्या बाजूच्या त्वचेला संवेदना देते. नावातच तिचा सगळा प्रवास आहे.

आणि उत्तरं ताडून बघायची ती पुस्तकातून, तुझ्या पहिल्या शीटवरून नाही. एकदा उतरवताना तू एक रेघ चुकीच्या नर्व्हला टेकवलीस तर पुढे महिनाभर तीच चूक बरोबर म्हणून पाठ होत राहते. माझ्याकडे एका वर्गाची अशी शीट आली होती, साठ मुलांनी झेरॉक्स केलेली, तिच्यात अप्पर सबस्कॅप्युलर आणि अ‍ॅक्सिलरीची टिंबं बदललेली होती. साठही जणांनी परीक्षेत एकसारखी चूक केली. पेपर तपासणाऱ्यांना आधी कॉपी झाल्याचा संशय आला.

भावाच्या अ‍ॅपबद्दल. त्याच्या मनात बहुधा चित्रावर चौकोन टाकून नाव झाकणारं अ‍ॅप असेल. AnkiDroid फुकट आहे, एकदा उतरवून घेतलं की नेटवर्क नसलं तरी चालतं, म्हणजे तुमच्याकडच्या रेंजची अडचण नाही. त्यात चित्रावर चौकोन टाकताना दोन पर्याय येतात: Hide One, Guess One आणि Hide All, Guess One. पहिल्यात विचारलेलं एकच नाव झाकलं जातं, शेजारची सगळी उघडी राहतात, आणि शेजाऱ्यांवरून उत्तर ताडता येतं. दुसरा घे. पण त्याची मर्यादा लक्षात असू दे. ते तुला रेघ काढायला सांगत नाही, आकृती पालथी घालत नाही, आणि चित्र तेच राहतं. पंधरा दिवसांत तोच चौकोन बघून उत्तर यायला लागतं, म्हणजे पुन्हा तुझी जुनी शीट, फक्त काचेवर. एसटीत बसून सोळा फांद्यांची उजळणी करायला ठीक आहे. कोऱ्या कागदाची जागा ते घेणार नाही. मोबाइलच्या गॅलरीतच झाकणार असशील तर हायलायटरनं झाकू नकोस, त्यातून अक्षरं दिसतात. भरीव काळा चौकोन लागतो.

डिसेक्शन हॉलमध्ये फोटो काढून त्यावर शीट करायची कल्पना कुणी देईल. ते करू नको. बहुतेक कॉलेजांत बंदी असते, आणि बंदी नसती तरी ज्यानं देह दिला त्याचा फोटो आपल्या मोबाइलमध्ये फिरायला नको. त्याऐवजी हॉलमधून बाहेर आल्यावर, हात धुऊन, पायरीवर बसून, पाहिलं तसं पाच मिनिटांत काढ. कशीही वेडीवाकडी. मग ती पुस्तकाशी ताडून बघ. माझ्या मते ही शीट तुझ्या ४१ शीटांपेक्षा भारी आहे.

त्या ४१ चं काय करायचं? टाकू नकोस, पण उरलेल्याही पूर्ण करू नकोस. त्या आता प्रश्नपत्रिका राहिलेल्या नाहीत, उत्तरपत्रिका झाल्या आहेत, तशाच वापर. आणि सगळ्या आकृत्यांना ही मेहनत परवडत नाही. हाडांच्या आकृत्यांवर शीट करणं मला तरी वाया वाटतं. हाड हातात घेऊन डोळे मिटून बोटानं खूण शोधणं कितीतरी बरं. हिस्टॉलॉजीतही नाव लिहिण्याआधी मुळात ऊती कोणती हे ओळखायचं असतं, आणि नावांच्या रेघा ठेवलेल्या चित्रात तेच आयतं मिळतं. जिथे एक गोष्ट दुसरीतून निघते, तिसरीत मिळते, एकमेकींच्या मागून-पुढून जाते, तिथेच बटर पेपर काढ. दहा दिवसांत तीन आकृत्या केल्यास तरी पुष्कळ आहेत. ब्रेकियल प्लेक्सस, मग अ‍ॅक्सिलरी आर्टरीच्या फांद्या, आणि क्युबिटल फोसा.

चौथी आणि शेवटची शीट भावाकडून करून घे. त्याला अ‍ॅनाटॉमी येत नसली तर जास्तच चांगलं. नावं नसलेली, पालथी घातलेली आकृती त्याच्या हातात दे आणि सांग, लाल पेननं कुठेही एक आडवी रेघ मार. ती रेघ म्हणजे कात्री. तिथे नर्व्ह कापली तर माणसाला काय करता येणार नाही, हे तू सांगायचं.

समज त्यानं अप्पर ट्रंकवर रेघ मारली, सुप्रास्कॅप्युलर निघते त्याच्या अलीकडे, म्हणजे मानेच्या बाजूला. डेल्टॉइड आणि सुप्रास्पायनेटस गेले, म्हणून हात बाजूला उचलता येत नाही. इन्फ्रास्पायनेटस आणि टेरेस मायनर गेले, म्हणून हात बाहेर फिरत नाही, आत वळून राहतो. बायसेप्स आणि ब्रॅकियालिस गेले, म्हणून कोपर सरळच लटकतं. बायसेप्स नाही म्हणून तळवा पुढे न येता मागे वळतो. पुस्तकात याला अर्ब्स पॅरालिसिस म्हणतात आणि हाताच्या त्या ठेवणीला पोलिसमन्स टिप. आता त्याला सांग, रेघ थोडी पुढे सरकव, सुप्रास्कॅप्युलर आणि सबक्लेवियसची नर्व्ह निघून गेल्यानंतर. ट्रंक तीच आहे, पण सुप्रास्पायनेटस आणि इन्फ्रास्पायनेटस वाचले. हात उचलायची सुरुवात होईल, थोडा बाहेरही फिरेल, कोपर मात्र वाकणार नाही. मग रेघ मागे आण, सी५ रूटवर, अगदी मणक्याजवळ. आता डॉर्सल स्कॅप्युलर गेली आणि लाँग थोरॅसिकचा एक वाटाही गेला, पण सी६ शाबूत आहे, म्हणून बायसेप्स पूर्ण मरणार नाही, अशक्त होईल.

एकाच रेषेवर दीड-दोन इंचांत तीन रेघा, आणि तीन वेगळे रोगी. तिन्हींची उत्तरं आधी कागदावर लिहून मग पुस्तक उघड. यातलं एखादं अडलं तर कोणत्या रेघेवर आणि कोणत्या स्नायूपाशी अडलं ते पुढच्या पत्रात कळव. आणि भावाला सांग, रेडियल नर्व्हवर रेघ मारायची असेल तर काखेजवळ एक आणि दंडाच्या हाडाला वळसा घालते तिथे एक, अशा दोन मार. मनगट दोन्हीकडे लोंबतं, पण ट्रायसेप्सचं उत्तर वेगळं येतं.